‘कायम खरेदी’ आणि दुसरे अपील

आमच्या जालना जिल्ह्यात गावच्या पारावर अजूनही एक समजूत ऐकू येते : खाली हरलो तर वर जाऊ, वर हरलो तर त्याच्याही वर जाऊ. तालुक्याचे न्यायालय, मग जालन्याचे जिल्हा न्यायालय आणि त्यानंतर छत्रपती संभाजीनगरला बसणारे औरंगाबाद खंडपीठ, अशी ही चढण. पण जालना ते संभाजीनगर हा तासाभराचा रस्ता कायद्याच्या दृष्टीने फार अवघड आहे. जिल्हा न्यायालयातले अपील हे सगळे प्रकरण पुन्हा तपासण्यासाठी असते. साक्षीदार खरा की खोटा, पावती अस्सल की बनावट, ते तिथे बोलता येते. उच्च न्यायालयातल्या दुसऱ्या अपिलात यातले काहीच बोलता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० नुसार तिथे फक्त ‘कायद्याचा सारभूत प्रश्न’ चालतो, आणि तो अपिलाच्या मेमोत नेमकेपणाने लिहावा लागतो. १९७६च्या दुरुस्तीने ही अट घातली. त्याआधीही दार काही उघडे नव्हते. १८९०मध्येच प्रिव्ही कौन्सिलने सांगून ठेवले होते की वस्तुस्थितीचा निष्कर्ष कितीही ढोबळ चुकला असला तरी तेवढ्यावरून दुसरे अपील ऐकता येणार नाही.

मग दोन्ही न्यायालये एकाच सुरात तुमच्या विरुद्ध बोलली असतील, तर लिहायचे काय? माझ्या वकिलीतला मोठा काळ या एका पानात गेला आहे, म्हणून ते पान कसे तयार होते हे एका उदाहरणातून सांगतो. दोन-तीन पक्षकारांची प्रकरणे मी यात एकत्र केली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कायदा मात्र जसाच्या तसा आहे.

अंबड तालुक्यातले शेतकरी. त्यांच्या वडिलांनी १९९१ साली ३ एकर १० गुंठे जमीन १८ हजार रुपयांना लिहून दिली. दस्त नोंदणीकृत, मथळा ‘कायम खरेदीखत’. पण शेवटच्या पानावर, चतुःसीमेच्या वर, चार ओळी : पाच वर्षांत मी रक्कम परत दिल्यास आपण जमीन मला परत द्यावी, न दिल्यास ही खरेदी कायम समजावी. ताबा घेणाऱ्याकडे गेला, फेरफार झाला, सातबाऱ्यावर त्याचे नाव लागले. वडील वारले. मुलाने २००९ साली जमीन गहाणातून सोडवून मागण्याचा दावा केला. कनिष्ठ स्तर न्यायालयाने तो फेटाळला, जिल्हा न्यायालयाने अपीलही फेटाळले. कारणे तीच : मथळा खरेदीचा, ताबा दिलेला, फेरफार झालेला आणि दस्तलेखकाने साक्षीत सांगितले की व्यवहार खरेदीचाच होता.

वाचकाला वाटेल, खरेदी म्हणा की गहाण म्हणा, पाच वर्षे उलटून गेलीच ना? इथेच सगळे आहे. खरेदीच असेल आणि परत घेण्याची नुसती सवलत असेल, तर मुदत गेली की हक्क गेला. गहाण असेल, तर मुदत संपल्याने जमीन जात नाही. सोडवण्याचा हक्क उपजल्यापासून तीस वर्षांत दावा लावता येतो. म्हणजे त्या चार ओळींच्या अर्थावर तीन एकर जमीन टांगलेली होती.

ते माझ्याकडे आले तेव्हा सोबत मेमोचा कुणीतरी करून दिलेला कच्चा मसुदा होता. त्यातला पहिला प्रश्न असा : ‘खालच्या न्यायालयांनी पुराव्याचे चुकीचे मूल्यमापन केले आहे काय?’ असे मेमो मी शेकड्यांनी वाचले असतील. हा प्रश्न नाही, ही तक्रार आहे. शेवटी ‘काय’ लावल्याने ती कायद्याची होत नाही. दुसरा प्रश्न होता, ‘निष्कर्ष विकृत आहेत काय?’ हा जरा बरा, कारण निष्कर्ष विकृत असणे हे हस्तक्षेपाचे मान्य कारण आहे. पण विकृत म्हणजे न पटणारा नव्हे. ज्याला पुराव्याचा आधारच नाही, किंवा त्या पुराव्यावरून कोणताही शहाणा माणूस ज्यावर पोहोचला नसता, तो निष्कर्ष विकृत. कोणता निष्कर्ष, कोणत्या निशाणीकडे डोळेझाक करून काढला, हे न सांगता हा शब्द वापरला की न्यायमूर्ती पान उलटतात.

माझी एक साधी कसोटी आहे. सगळ्या तोंडी साक्षी कागदाने झाकून ठेवायच्या. आता केवळ दस्त आणि दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या गोष्टी यांवरून प्रश्नाचे उत्तर देता येते का? देता येत असेल तर तो बहुधा कायद्याचा प्रश्न. उत्तरासाठी ‘कुणावर विश्वास ठेवायचा’ हे ठरवावे लागत असेल, तर तो वस्तुस्थितीचा, आणि संभाजीनगरच्या बसचे भाडे वाचवलेले बरे.

या प्रकरणात दस्त झालाच नाही असे कुणी म्हणत नव्हते. मजकूरही वादाचा नव्हता. वाद होता तो त्या मजकुराचा कायदेशीर परिणाम काय, एवढाच. आणि हक्क ज्या दस्तावर उभा आहे त्याचा अर्थ लावणे हा कायद्याचा प्रश्न असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली सर चुनीलाल मेहता यांच्या पेढीने सेंच्युरी मिलविरुद्ध केलेल्या, मुंबईतूनच गेलेल्या प्रकरणात म्हटले आहे. त्याच निर्णयाने ‘सारभूत’ची फूटपट्टीही दिली : प्रश्नाचा पक्षकारांच्या हक्कांवर थेट परिणाम व्हावा, आणि तो अजून खुला तरी असावा किंवा मतभेदाचा तरी. नियम पक्का असून नुसता लावायचा राहिला असेल, तर प्रश्न सारभूत नाही, असे त्याच निर्णयात आहे. विरुद्ध बाजूचा वकील नेमके हेच वाक्य घेऊन उभा राहतो. पुढच्या निर्णयांनी मात्र हेही मान्य केले की पक्का नियम डावलून निकाल दिला असेल तर तोही सारभूत प्रश्नच. मेमो लिहिताना या दुसऱ्या खुंटीला दोर बांधावा लागतो.

पक्का नियम कोणता, ते सांगतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५८मध्ये ‘सशर्त विक्रीने गहाण’ असा प्रकार आहे. दिसायला विक्री, पण पैसे ठरल्या दिवशी न दिल्यास विक्री कायम व्हावी, किंवा दिल्यास रद्द व्हावी वा जमीन परत द्यावी, अशी अट. १९२९च्या दुरुस्तीने त्याला एक परंतुक जोडले : ही अट त्याच दस्तात नसेल तर व्यवहार गहाण मानायचा नाही. मराठवाड्यातली किती घरे या परंतुकावर ठेचकाळली याचा हिशेब नाही. सावकार हुशार असेल तर नोंदणीकृत खरेदीखत स्वच्छ करून घेतो आणि परत देण्याचा करार वेगळ्या मुद्रांकावर लिहून देतो. असा वेगळा कागद घेऊन कुणी आले की मी आधीच सांगतो, गहाणाचा मुद्दा इथे संपला. खरेदी नुसती दाखवण्यापुरती होती असे म्हणता येईल, पण ते पुराव्याने सिद्ध करायचे काम, म्हणजे पहिल्या दोन न्यायालयांत जिंकायचे काम.

आमच्या दस्तात अट त्याच कागदावर होती. पण एवढ्याने गहाण सिद्ध होते असेही नाही. भास्कर वामन जोशींच्या खटल्यात (१९६०च्या एआयआरमध्ये तो छापलेला आहे) सर्वोच्च न्यायालयाने बजावले आहे की, एकाच दस्तात अट असली म्हणून व्यवहार आपोआप गहाण होत नाही. देणेकरी-घेणेकरी असे नाते निर्माण करण्याचा हेतू होता का, ते मजकुरावरून आणि भोवतालच्या परिस्थितीवरून पाहायचे. म्हणून मी अभिलेखात आणखी एक कागद शोधला. शेजारच्या गटाची त्याच वर्षीची विक्री, नोंदणी कार्यालयाचा उतारा, एकरी भाव जवळपास दुप्पट. विरुद्ध बाजूने तो उतारा नाकारला नव्हता. दोन्ही निकालपत्रांत त्याचा उल्लेखही नव्हता.

नियमाची दुसरी बाजूही मेमो लिहिताना डोळ्यांसमोर हवी. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातली जमीन १९७१ साली ‘करारखरेदी’ अशा मथळ्याच्या दस्ताने १५०० रुपयांना दिली गेली, १९७३च्या मार्चपर्यंत पैसे परत केल्यास जमीन परत, अशा अटीवर. मालकाने पुढे ती दुसऱ्याला विकली, आणि त्या दुसऱ्याने दावा लावला. दोन्ही खालची न्यायालये त्याच्या बाजूने. उच्च न्यायालयाने दुसऱ्या अपिलात निकाल फिरवला : नंतरची विक्री खोटी, पुरती किंमतच दिली नव्हती. १९९९मध्ये ‘विद्याधर विरुद्ध माणिकराव’ या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल रद्द केला. विक्रीत किंमत दिलेली असू शकते किंवा देण्याचे वचनही असू शकते. आणि दोन न्यायालयांचे एकमताचे निष्कर्ष विकृत असल्याचे दाखवल्याशिवाय उलटवता येत नाहीत. त्याच निर्णयात, अट त्याच दस्तात असल्यामुळे, तो व्यवहार सशर्त विक्रीने गहाणच ठरला. आमच्या मेमोला दस्ताबाबतचा हा भाग उपयोगी होता. पण त्याच निर्णयातला पहिला भाग आमच्या विरुद्ध वाचला जाणार, हेही दिसत होते. म्हणूनच साक्षीवर एक शब्दही लिहायचा नाही, असे ठरवले.

शेवटी मसुदा उतरला तो असा : ‘नोंदणीकृत दस्त निशाणी ३४ मध्येच, ठरल्या मुदतीत रक्कम न दिल्यास विक्री कायम होईल अशी अट असताना, ती अट आणि निर्विवाद उतारा निशाणी ४१ विचारात न घेता, केवळ मथळा, ताबा, फेरफार आणि दस्तलेखकाची तोंडी साक्ष यांवरून तो दस्त सशर्त विक्रीने गहाण नसून कायम विक्री आहे असे ठरवण्यात खालच्या न्यायालयांनी कलम ५८ लावताना कायद्याची चूक केली आहे काय?’ ताब्याचा उल्लेख मुद्दाम ठेवला, कारण ताबा दिला म्हणून गहाण नाही असे कायदा कुठेच म्हणत नाही.

दुसरा प्रश्नही सुचत होता. पहिल्या अपिलाच्या न्यायालयाने निर्णयाचे मुद्दे काढून प्रत्येकावर कारणे द्यावी लागतात, आणि या अटीवर तिथे एकही ओळ नव्हती. प्रश्न खरा होता. पण तो मान्य झाला तर बहुधा प्रकरण फेरविचारासाठी जालन्याला परत येते, म्हणजे पक्षकाराची आणखी काही वर्षे. तो मी पर्यायी म्हणून, सर्वांत खाली ठेवला. उलट, आवश्यक पुरावा नोंदीत असेल तर राहिलेला मुद्दा उच्च न्यायालयाला कलम १०३ खाली स्वतःच ठरवता येतो, हे पहिल्या प्रश्नाखाली लिहिले.

मुदत नव्वद दिवसांची, त्यात निकालाच्या प्रमाणित नकला मिळवायला गेलेले दिवस धरायचे नाहीत. मेमो इंग्रजीत होता, म्हणून सही घेण्यापूर्वी मी तो त्यांना मराठीत वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प बसले.

“वकीलसाहेब, ह्यात बापानं ते पैसे कशापायी घेतले ते कुठं आहे?”

“नाही काका. ते तिथं चालत नाही.”

“आन् त्यानं जमीन कशी दाबली, ते?”

“तेही नाही.”

त्यांनी शेवटचे पान पुन्हा मागून घेतले, निशाणी ३४ हा आकडा बोटाने शोधला आणि विचारले, “मंग ह्या चार ओळीच फक्त?” मी हो म्हणालो. त्यांनी सही केली.

अपील दाखल करून घेताना न्यायालयाने प्रश्न जवळपास आमच्याच शब्दांत काढला; ‘तोंडी साक्ष’ हे शब्द मात्र गाळले. ते बरेच झाले. अंतिम सुनावणीच्या वेळी हा प्रश्न उद्भवतच नाही, असे म्हणायची मुभा विरुद्ध बाजूला कलम १००च देते, आणि त्या दोन शब्दांना धरूनच त्यांनी सुरुवात केली असती.