पहिला निरोप, पक्का निरोप

आमच्या गटातली एक ताई घरी केक करते. तिच्या व्हॉट्सॲप बिझनेसवर नवीन गिऱ्हाइकाला आपोआप निरोप जायचा, "धन्यवाद! तुमची ऑर्डर लवकरच मिळेल." एका गुरुवारी रात्री अकराला कुणीतरी विचारलं, "रविवारी वाढदिवसाला एक किलो केक मिळेल का?" ताई झोपलेली होती, पण निरोप गेला. दुसऱ्या दिवशी घरच्या गडबडीत तो मेसेज पाहायचा राहून गेला. रविवारी ते गृहस्थ दारात उभे, आणि केक तयारच नाही!

चूक एका वाक्याची होती. आपोआप जाणाऱ्या निरोपाने स्वागत करावं, ऑर्डर घेऊ नये. मग आम्ही सगळ्यांनी बसून नवा निरोप लिहिला:

"नमस्कार! आमच्या घरगुती बेकरीत तुमचं मनापासून स्वागत. हा निरोप आपोआप आला आहे. मी स्वतः सकाळी 10 ते संध्याकाळी 7 या वेळात उत्तर देते. तोवर एवढं लिहून ठेवाल का?
1. केक कोणत्या दिवशी, किती वाजता हवा?
2. किती वजनाचा?
3. अंड्याचा की बिनअंड्याचा?
4. केकवर काय लिहायचं?
केकसाठी दोन दिवस आधी कळवावं. मी 'ऑर्डर पक्की' असं लिहिल्यावरच ऑर्डर पक्की समजावी."

यात तिसरा प्रश्न कधीही गाळू नका. उपवास किंवा पथ्य असणाऱ्यांना तो महत्त्वाचा असतो. दोन्ही केक एकाच भांड्यांत, एकाच ओव्हनमध्ये होत असतील, तर तेही उत्तर देताना स्पष्ट सांगा. दर मात्र या निरोपात लिहू नका. लोणी, चॉकलेट महागलं की दर बदलतो आणि जुना आकडा तसाच जात राहतो. दरपत्रक वेगळं पाठवा.

हा निरोप घालायला ॲपमध्ये Business tools उघडा, मग Greeting message निवडा. पहिल्यांदा लिहिणाऱ्याला तो जातोच, पण 14 दिवस बोलणं झालं नसेल तर जुन्या गिऱ्हाइकालाही पुन्हा जातो. म्हणून "तुम्ही पहिल्यांदाच आलात" असं त्यात लिहू नका. दर महिन्याला केक नेणाऱ्या काकूंना वाटेल, ही आपल्याला विसरली!

निरोप घातल्यावर, तुम्हाला कधीच मेसेज न केलेल्या शेजारणीच्या फोनवरून "नमस्कार" लिहून बघा. तिला वाचायला लावा आणि विचारा, "तुझी ऑर्डर लागली का?" ती "नाही, अजून नाही" म्हणाली, तर निरोप बरोबर जमला.

आमची ताई आता रोज सकाळी चहाआधी कालचे मेसेज बघते. "ऑर्डर पक्की" लिहिलं की लगेच भिंतीवरच्या कालनिर्णयावर तारखेखाली नोंद करते. त्या रविवारचे गृहस्थ? पुढच्या वर्षीचा केक त्यांनी तिच्याकडूनच नेला.