आधी रिकामी जागा, मग नवा माणूस

रिडली स्कॉट यांच्या ‘ऑल द मनी इन द वर्ल्ड’ (2017) या चित्रपटात केविन स्पेसीच्या जागी क्रिस्टोफर प्लमर आले. बहुतेक प्रसंग पुन्हा चित्रित झाले, पण वाळवंटातील रेल्वेच्या दृश्यात हिरव्या पडद्यासमोर टिपलेले प्लमर जुन्या चित्रणात बसवले गेले.

अशा कामात आधी जुना माणूस पुसावा लागतो, कारण दोघांची बाह्यरेषा कधीच तंतोतंत जुळत नाही. माणूस सरकला की त्याच्यामागचा भाग इतर फ्रेममध्ये दिसतो. तोच उचलून कॅमेऱ्याच्या हालचालीनुसार बसवतात. कधीच न दिसलेला भाग रंगवावा लागतो. जुनी सावली राहिली किंवा भरलेल्या भागात चित्रणाचे कण नसले, की जोड उघडी पडते.