महागडं कार्ड रिकामं का बसतं?

जुन्या कॉम्प्युटरमध्ये नवं ग्राफिक्स कार्ड बसवायचं, हौसेनं गेम सुरू करायचा आणि फ्रेम्स जेमतेम वाढलेल्या पाहायच्या, हा अनुभव अनेकांच्या वाट्याला येतो. दोष बहुधा कार्डाचा नसतो.

गेममधली प्रत्येक फ्रेम दोन हातांतून जाते. कोण कुठे आहे, कुणाला गोळी लागली, पडद्यावर काय काय काढायचं, हे प्रोसेसर ठरवतो. ते रंगवण्याचं काम कार्डाचं. एकानं पोळ्या लाटायच्या, दुसऱ्यानं भाजायच्या. लाटणारा रेंगाळला की तवा कितीही मोठा असो, तो नुसता तापत राहतो.

२०१९ सालचा रायझन ५ ३६०० आणि २०२३ सालचं आरटीएक्स ४०७० ही जोडी घ्या. समजा, एखाद्या गेममध्ये हा प्रोसेसर एक फ्रेम १० मिलिसेकंदांत तयार करतो, म्हणजे सेकंदाला १००. कार्ड १०८०पी वर तीच फ्रेम ६ मिलिसेकंदांत रंगवतं. तरीही पडद्यावर १००च दिसणार. आता मॉनिटर १४४०पी केला, की पिक्सेल पावणेदोन पटींहून थोडे जास्त होतात. कार्डाचा वेळ १० मिलिसेकंदांच्या आसपास जातो, प्रोसेसरचा मात्र जवळपास तेवढाच राहतो. तीच जोडी आता शोभून दिसते! म्हणून मॉनिटर विचारात न घेता ‘या प्रोसेसरला हे कार्ड चालेल का’ या प्रश्नाला अर्थ नाही. गेमचं नावही न विचारता अडथळ्याची टक्केवारी सांगणारी ऑनलाइन कॅल्क्युलेटर्स याच कारणानं निरुपयोगी ठरतात.

खरेदीआधी दोन परीक्षणं शोधावीत. प्रोसेसरची चाचणी सहसा सर्वांत ताकदवान कार्ड लावून, १०८०पी वर होते. तिथला आकडा ही प्रोसेसरची कमाल मर्यादा. कार्डाची चाचणी उत्तम प्रोसेसरसोबत होते. त्यात आपल्या मॉनिटरच्या रिझोल्यूशनचा आकडा पाहावा. गेम आणि सेटिंग्ज एकच असतील, तर दोन्हींतला लहान आकडा साधारण आपल्या पदरात पडतो. डीएलएससारखी सोय वापरणार असाल, तर कार्ड आतून कमी पिक्सेल रंगवतं आणि प्रोसेसरची मर्यादा पुन्हा आड येऊ शकते.

कॉम्प्युटर घरात असेल तर तपासणी आणखी सोपी. व्ही-सिंक आणि फ्रेमची मर्यादा बंद करून, नेहमीच्या गेममध्ये रिझोल्यूशन ७२०पी वर आणावं. फ्रेम्स भरपूर वाढल्या तर कार्ड कमी पडत होतं. हलल्याच नाहीत तर प्रोसेसर. टास्क मॅनेजरमधल्या प्रोसेसरच्या एकूण टक्केवारीवर मात्र विसंबू नये. बारा थ्रेडपैकी एकच पूर्ण जुंपलेला असला, तर तिथे ८-१० टक्केच दिसू शकतात.

३६०० वापरणाऱ्यांनी कार्ड घेण्याआधी मदरबोर्डची यादी पाहावी: बहुतेक एएम४ बोर्डांवर बायोस अपडेट करून रायझन ७ ५८००एक्स३डी बसतो, आणि नवा बोर्ड किंवा रॅम घ्यावी लागत नाही.