प्रकल्प समाप्ती अहवाल : ‘काम झाले’ आणि ‘काम स्वीकारले’

यापूर्वी आपण प्रगती अहवालाचा परिचय करून घेतला. आता प्रकल्प संपल्यावर लिहावयाच्या अहवालाकडे वळू. काय स्वीकारले, किती खर्च झाला, काय राहिले आणि कोणी मान्यता दिली, एवढेच तो सांगतो. लेखकाचा कस लागतो तो मात्र ‘राहिले’ या शब्दापाशी.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका सार्वजनिक वाचनालयाने आपल्या ८०० जुन्या ग्रंथांचे स्कॅनिंग करून घ्यायचे ठरविले. हिशेबाच्या सोयीसाठी प्रत्येक ग्रंथ १५० पानांचा मानू. पानाला ३ रुपये या दराने स्कॅनिंगचे ३,६०,००० रुपये, हार्ड डिस्क व अन्य साहित्याचे ५०,००० आणि सूची तयार करण्याचे ७०,०००, असे एकूण ४,८०,००० रुपयांचे अंदाजपत्रक मंजूर झाले. मुदत संपताना कंत्राटदाराने ‘काम पूर्ण’ असे पत्र दिले.

या पत्रावर समाप्ती अहवाल लिहिता येत नाही. काम पूर्ण झाल्याचे करणारा सांगतो. ते स्वीकारल्याचे करवून घेणाऱ्याने तपासून सांगायचे असते. ग्रंथपालांनी प्रत्येक ग्रंथाची पाने आणि त्याच्या प्रतिमा यांची संख्या ताडून पाहिली, प्रतिमा उघडून वाचल्या. १५ ग्रंथांत काही पाने गळलेली, तर काही अस्पष्ट निघाली. आणखी ९ ग्रंथांचा कागद इतका ठिसूळ होता की ते उघडताच तुकडे पडू लागले. त्यांचे स्कॅनिंग झालेच नव्हते. तेव्हा स्वीकृत ग्रंथ ७७६. ‘बहुतांश ग्रंथांचे काम समाधानकारकरीत्या करण्यात आले’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असले, तरी अहवालात निरुपयोगी आहे. (‘करण्यात आले’ या प्रयोगाची आपल्या कार्यालयीन मराठीला फार ओढ आहे. तपासणी कोणी केली, हे त्याच्या आड सहज लपते.)

आता खर्च पाहू. स्वीकृत ग्रंथांच्या स्कॅनिंगचे ३,४९,२०० रुपये होतात. एक जादा हार्ड डिस्क घ्यावी लागल्याने साहित्यावर ५६,५०० खर्च झाले. त्यासाठी कार्यकारी मंडळाचा ठराव आहे आणि त्याचा क्रमांक व दिनांक अहवालात यायलाच हवा. सूचीचे ७०,००० धरून बेरीज ४,७५,७०० होते. परंतु करारानुसार स्कॅनिंगच्या देयकातून ५ टक्के, म्हणजे १७,४६० रुपये, सहा महिन्यांसाठी राखून ठेवले आहेत. त्यामुळे रोकडवहीत प्रत्यक्ष दिलेली रक्कम ४,५८,२४० एवढीच दिसते.

घाईत लिहिणारा रोकडवहीतील हाच आकडा उचलतो आणि ‘२१,७६० रुपयांची बचत’ असे लिहून मोकळा होतो. राखीव रक्कम धरली तर ही बचत ४,३०० वर येते. तीही खरी नाही, कारण सदोष १५ ग्रंथ दुरुस्त होऊन आले की त्यांचे ६,७५० रुपये द्यावे लागणार आहेत. तेव्हा अंतिम खर्च ४,८२,४५० होईल, म्हणजे मंजूर रकमेपेक्षा २,४५० अधिक. दिलेली रक्कम, देय रक्कम आणि पुढे देय होणारी रक्कम वेगवेगळी दाखविली नाही, तर वाढीव खर्चाची मंजुरी घेण्याचे राहून जाते आणि ही तूट लेखापरीक्षणात उघड होते. तोवर अहवाल लिहिणारा कदाचित पदावरही नसतो.

शिल्लक बाबींचेही दोन प्रकार आहेत. १५ ग्रंथांचे काम व्हायचे आहे. म्हणून तेथे ग्रंथांची दाखलअंक क्रमांकांसह यादी, जबाबदार व्यक्ती, मुदत आणि रक्कम हवी. ९ ठिसूळ ग्रंथांचे काम या प्रकल्पातून वगळले आहे. तेथे वगळण्याचे कारण आणि ठराव हवा. दोहोंना मिळून ‘२४ ग्रंथ प्रलंबित’ म्हटले, तर कंत्राटदाराकडून ९ ग्रंथांची अपेक्षा विनाकारण टिकून राहते.

शेवटी मान्यता. ग्रंथपालांची सही तपासणीपुरती, कोषाध्यक्षांची हिशेबापुरती आणि अध्यक्षांची प्रकल्प समाप्त करण्यासाठी असते. कोण कशासाठी सही करतो, हे प्रत्येक सहीच्या वर लिहावे. कामे शिल्लक असतील तर मान्यता सशर्त असावी : ‘परिशिष्टातील १५ ग्रंथ वगळून ७७६ ग्रंथांचे काम स्वीकारले आहे. राखीव रकमेची सहा महिन्यांची मुदत आजपासून मोजली जाईल.’ ‘आजपासून’ म्हणताना सहीखाली दिनांक नसेल, तर ती मुदत कधी संपते हे कोणालाच सांगता येणार नाही.

सरावासाठी : १५ पैकी १२ ग्रंथच दुरुस्त होऊन आले आणि उर्वरित ३ वगळण्याचा ठराव झाला, असे समजा. अंतिम खर्च किती होईल ते काढा आणि शिल्लक बाबींचा परिच्छेद नव्याने लिहा.