फिल्म स्कूलसाठी पोर्टफोलिओ कसा तयार करायचा?

पुण्याच्या एफटीआयआयमध्ये प्रवेशाची पहिली पायरी लेखी परीक्षेची असते. इतर अनेक देशी-परदेशी संस्था मात्र अर्जासोबतच पोर्टफोलिओ मागवतात. त्यात साधारण तीन गोष्टी असतात: एक लघुपट, स्वतःविषयीचं निवेदन आणि तुमच्यावर प्रभाव टाकणाऱ्या कलाकृतींचे संदर्भ. या तिन्हींतून एकाच माणसाची नजर दिसली पाहिजे. हे कसं साधायचं, ते एका उदाहरणातून पाहू.

लघुपट

समजा, हिंगोली जिल्ह्यात वसमतजवळच्या गावातल्या एका मुलीला हळदीवर लघुपट करायचा आहे. काढणी, शिजवणं, वाळवणं, पॉलिश आणि बाजार हे सगळं चार मिनिटांत कोंबलं, तर ती माहितीपट्टी होईल. त्याऐवजी तिने एकच रात्र निवडावी. वडील हळद शिजवत आहेत आणि मधूनमधून फोनवर भाव विचारत आहेत. माल लगेच विकायचा की थांबायचं, यावर मुलीची फी अवलंबून आहे, पण ते कोणी बोलून दाखवत नाही.

हळद शिजवण्याचा हंगाम साधारण फेब्रुवारी-मार्चचा. तो चुकला तर थेट पुढच्या वर्षीच, म्हणून पटकथा आधीच तयार हवी.

मोबाईलवर चित्रीकरण चालतं. मात्र वाफ आणि आग समोर असली की फोन आपोआप उजेड कमी-जास्त करतो. त्यासाठी स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड लॉक करावा. आवाज दुसऱ्या फोनवर, बोलणाऱ्याच्या जवळ ठेवून घ्यावा. सुरुवातीला एक टाळी वाजवली, तर संकलनात चित्र आणि आवाज जुळवणं सोपं जातं.

तपासणी सोपी आहे. आवाज बंद करून लघुपट शेजाऱ्यांना दाखवा. कोणाला कशाची काळजी आहे हे त्यांना कळलं नाही, तर दृश्यं पुन्हा रचावी लागतील.

निवेदन

‘लहानपणापासून मला सिनेमाचं वेड आहे’ हे वाक्य कोणीही लिहू शकतं. त्याऐवजी ती लिहू शकते, ‘कुकरचं झाकण उघडलं की वाफेत बाबांचा चेहरा दिसेनासा होतो. भाव ऐकल्यावर त्यांना काय वाटलं, हे मला दाखवायचं नव्हतं, म्हणून फोननंतर मी वाफच दाखवली.’ यात अनुभव आहे आणि दिग्दर्शनाचा निर्णयही आहे. निवेदनावरचं नाव झाका. ते दुसऱ्या कोणाच्या नावावर खपत असेल, तर पुन्हा लिहा.

संदर्भ

वीस गाजलेल्या चित्रपटांची यादी देण्यापेक्षा दोन-तीन कलाकृती पुरतात. प्रत्येकीतून नेमकं काय घेतलं, ते लिहा. उदाहरणार्थ, उमेश कुलकर्णी यांनी एफटीआयआयमध्ये शिकताना केलेला ‘गिरणी’. घरात आलेल्या गिरणीचा आवाज त्यात मुलाचं आयुष्य व्यापून टाकतो. आपल्या लघुपटात संगीताऐवजी कुकरच्या वाफेचा आवाज का ठेवला, हे ती यावरून सांगू शकते. मुलाखतीत याच निवडीवर प्रश्न येऊ शकतात, म्हणून न पाहिलेल्या चित्रपटाचं नाव कधीही देऊ नये.

लघुपटाची लांबी, फाइलचा प्रकार आणि निवेदनाची शब्दमर्यादा प्रत्येक संस्थेची वेगळी असते. त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचूनच संकलनाला बसा.