कोणती टी-टेस्ट? आधी जोड्या बघा

दोन सरासरींची तुलना म्हटली की आपण लगेच टी-टेस्ट लावतो. पण आधी विचारा: दोन्ही मोजमापं त्याच माणसांची आहेत की वेगवेगळ्या?

R मधला `sleep` डेटा घ्या. 10 रुग्ण, प्रत्येकाला दोन औषधं. झोप सरासरी 0.75 आणि 2.33 तासांनी वाढली. गट स्वतंत्र धरले तर p = 0.079, जोड्या धरल्या तर 0.003. असं का? काहींची झोप दोन्ही औषधांनी बरीच वाढते, काहींची जेमतेम. प्रत्येकाचा स्वतःशीच फरक काढला की माणसामाणसातला हा चढउतार गळून पडतो.

मात्र p लहान येतो म्हणून जोड्या लावायच्या नाहीत. डेटा कसा गोळा केला, यावरूनच टेस्ट ठरते. एका ओळीतल्या दोन आकड्यांचं नातं सांगता येत नसेल, तर गट स्वतंत्रच धरा.