विषमता का टिकते? एका निबंधाची आखणी

सुरुवात व्याख्येने नको, थेट प्रश्नाने करा: शहराचा कचरा उचलणाऱ्याला डॉक्टरपेक्षा इतका कमी पगार का?

आधी कार्यवादाला बोलू द्या. किंग्जले डेव्हिस आणि विल्बर्ट मूर यांनी १९४५ मध्ये उत्तर दिले होते: काम महत्त्वाचे आणि ते जमणारी माणसे मोजकी, तर मोबदला जास्त द्यावाच लागतो. नाहीतर वर्षानुवर्षे शिकायला कोण तयार होईल? कचरा उचलणेही गरजेचेच, पण त्याला माणसे सहज मिळतात.

निबंधाचा खरा भर यापुढे हवा. ही माणसे बहुतांशी दलित घरांतूनच का येतात? मेल्विन ट्युमिन यांनी १९५३ मध्ये नेमके हेच हेरले. गरिबाच्या मुलाला शिकायलाच मिळाले नाही, तर गुणवंतांची टंचाई विषमतेनेच निर्माण केलेली असते.

इथून संघर्षवादाकडे वळा आणि मुंबईचे उदाहरण घ्या. कचरा तोच, झाडू तोच. तरी महापालिकेच्या कायम आणि कंत्राटी कामगारांच्या पगारात मोठी तफावत. कौशल्याने ती उलगडत नाही, सत्तेने उलगडते. कामगार संघटना लढली, तेव्हा २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे २,७०० कंत्राटी कामगारांना कायम करण्याचा आदेश उचलून धरला.

एक आक्षेप मात्र टाळू नका: सोव्हिएत संघात कारखाने सरकारी होते, तरी पगारातली दरी उरलीच.

शेवटी दोघांना समान गुण देऊ नका. पगार वेगळे का, हे कार्यवाद काही अंशी सांगतो. कमी पगार पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरांत का राहतो, याचे उत्तर संघर्षवादाकडेच आहे.